राणीसाहेबांचा घसा बसला आहे

१

पहिली तुकडी आत आली की मामा आधी राणीसाहेबांना जन्माला घालायचे, मग त्यांच्याकडून राज्य करवून घ्यायचे आणि चहा थंड व्हायच्या आत त्यांना घोड्यासकट आभाळात धाडून मोकळे व्हायचे. सुट्टीचा वार सोडला तर वर्षानुवर्षं हा कार्यक्रम रोज चालला होता. मामा त्या संग्रहालयाचे गाईड होते. घर जुनं, दगडी, तीन खोल्यांपुरतंच लोकांना उघडं. खाली जन्माची खोली, मधे दरबाराचं दालन, आणि वर, कुरकुरणाऱ्या जिन्यानं चढून गेलं की, राणीसाहेबांची शेवटची खोली.

यंदा संग्रहालयाच्या अध्यक्षांनी नव्या पाट्या करायचं ठरवलं आणि मजकूर लिहायला मामांच्याच भाचीला सहा महिन्यांसाठी नेमलं. भाची इतिहास शिकलेली, अबोल, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर. ती मामांच्याच घरी राहायची, मामींच्या हातचं जेवायची आणि दिवसा मामांच्या पोटावर पाय द्यायची, असं मामांचं म्हणणं होतं. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं पुरावेबाई.

पुरावेबाईची पद्धत सोपी होती. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे ‘नोंद आहे’, उजवीकडे ‘लोक म्हणतात’. एखादी गोष्ट डावीकडे जायची तर तिला दोन साक्षी हव्यात. दोन्ही त्या काळातल्या हव्यात, आणि एकीनं दुसरीचं बघून लिहिलेलं नको. कारण पन्नास जणांनी एकाचंच ऐकून सांगितलं, तर साक्षीदार पन्नास होत नाहीत, एकच राहतो.

पहिल्याच दिवशी ती पाळण्याशी अडली.

“मामा, हा पाळणा राणीसाहेबांचा नाही.”

“मग काय माझा आहे?”

“याचे खिळे बघा. सगळ्यांची डोकी एकसारखी आहेत, यंत्रावरची. तेव्हा लोहार एकेक खिळा हातानं घडवायचा.”

“अगं, एखादा निखळला असेल. कुणीतरी नवा मारला असेल.”

“सगळेच निखळले?”

“मूल धडपडं होतं. पुढं राणी झाली ती!”

मग तिनं त्यांना बाहेर नेलं आणि दाराच्या चौकटीवरचा दगड दाखवला. त्यावर घर बांधल्याचं साल कोरलेलं होतं. राणीसाहेबांच्या लग्नाच्या करारात नवरीचं वय लिहिलेलं होतं. त्यावरून मागं मोजत गेलं की जन्मसाल मिळत होतं, तेही अंदाजे, एखादं वर्ष इकडेतिकडे. जन्माची म्हणून वेगळी नोंदच कुठं नव्हती. सरहद्दीवरच्या एका साध्या किल्लेदाराला मुलगी झाली, ही बातमी कोण लिहून ठेवणार?

“म्हणजे?” मामांनी विचारलं.

“म्हणजे हे घर त्यांच्या लग्नानंतर बांधलं. त्या इथं जन्मल्या असतील, तर उघड्या माळावर जन्मल्या असतील.”

मामा दगडाकडे बराच वेळ बघत राहिले. त्या दाराखालून ते हजारदा आत गेले होते, पण मान वर करून कधी गेले नव्हते.

“आणि ती वीज?” त्यांनी आशेनं विचारलं. “जन्माच्या क्षणी वीज पडली आणि विझलेले सगळे दिवे आपोआप लागले, ते?”

“ते पहिल्यांदा लिहिलं गेलं त्या गेल्यावर शंभर वर्षांनी.”

“शंभर वर्षं म्हणजे काही फार नाहीत,” मामा म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

२

दरबाराच्या दालनात मामांचा हुकमी एक्का होता.

दालनाच्या एका टोकाला लाकडी जाळी होती, छतापर्यंत गेलेली, बारीक नक्षीची. जाळीमागं एका माणसापुरती जागा, तिथं एक बैठक, वर गादी. राणीसाहेब तिथं बसून कारभार बघायच्या. मामा सांगायचे की राणीसाहेब बोलत नसत. आतून अंगठीनं जाळीवर ठोकत. एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. आणि बाहेर उभा असलेला कारकून मोठ्यानं सगळ्यांना सांगायचा.

“राणीसाहेब,” मामा खर्जात विचारायचे, “ही पोरं शाळेत दंगा करतात काय?”

ठक.

“राणीसाहेब म्हणतात, हो!”

पोरं किंचाळायची. मामांचा उजवा हात तेव्हा पाठीमागं असायचा, आणि त्या हातातली जाड अंगठी जाळीच्या चौकटीला लागलेली असायची. पुरावेबाईला हे लहानपणापासून माहीत होतं. तिलाही एकदा असंच रडवलं होतं.

त्या आठवड्यात मामांच्या बोटाला गांधीलमाशी चावली. बोट भोपळ्याएवढं सुजलं. सोनारानं अंगठी कापून काढली आणि मामींनी बोटाला एवढं मोठं फडकं बांधलं की मामा सगळ्यांना सतत थांबायची खूण करताहेत असं वाटायचं.

त्या दिवशी शाळेची एक तुकडी आली. पुरावेबाई कोपऱ्यात बसून टिपणं काढत होती. मामांनी सवयीनं विचारलं, “राणीसाहेब, ही पोरं गृहपाठ करतात काय?” आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ठोकायलाच काही नाही. तोंड उघडं टाकून ते उभे राहिले.

ठक. ठक.

“रा... राणीसाहेब म्हणतात, नाही,” मामा म्हणाले.

पोरं खूश होऊन पळाली. मामा तिथंच.

“कशानं ठोकलंत?” पुरावेबाईनं विचारलं.

“मी नाही ठोकलं.”

“मामा.”

“तुझ्या मामीची शपथ.”

“मामीची शपथ तुम्ही चहात साखर घेतली नाही म्हणूनही घेता.”

मामांनी दोन्ही हात पुढं केले. एकात टॉर्च, दुसऱ्यावर फडकं. “घे. तपास. तूच ना पुरावेबाई?”

तिनं लिहिलं नाही काही. एक साक्षीदार, आणि तोही मामा. लाकूड उन्हानं फुगतं, संध्याकाळी आकसतं, आवाज होतो. तेव्हा दुपार होती, पण लाकडाला काय कळतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. तरी खुर्ची मात्र तिनं जाळीपासून थोडी दूर सरकवली.

३

“अध्यक्ष आले होते,” जेवताना मामी म्हणाल्या. “म्हणाले, नव्या पाट्या लागल्या की गाईड कशाला? यंत्र बसवणार म्हणे. बटण दाबायचं की बाई बोलते.”

“कुठली बाई?” मामांनी विचारलं.

“रेडिओवरची.”

“तिला पगार?”

“एकदाच. यंत्र म्हातारं होत नाही म्हणाले, आणि चहाही पीत नाही.”

मामा ताटात बोट फिरवत बसले. पुरावेबाईला यात नवं काही नव्हतं. अध्यक्षांनी तिला दुपारीच सांगितलं होतं. गाईड गोष्टी सांगतो. तू गोष्टी काढून टाकते आहेस. गोष्टी गेल्या की उरतं ते वाचायचं, आणि वाचायला गाईड लागत नाही. हिशेब सरळ होता. तिची एकेक रेघ मामांच्या भाकरीवरून चालली होती.

“दरबाराचं तरी राहू दे गं,” मामा हळूच म्हणाले. “राणीसाहेबांनी मुकुट चढवला आणि गादी बळकावणाऱ्या दिराचं डोकं भर दरबारात उडवलं. लोकांना तेवढंच आवडतं.”

“मुकुट त्यांनी कधीच चढवला नाही, मामा. नाणी बघा. सगळी नातवाच्या नावाची. हुकूम नातवाच्या नावानं, शिक्का नातवाचा. मुलगा वारला, नातू लहान, म्हणून त्याच्या वतीनं यांनी कारभार पाहिला. त्यांचं स्वतःचं असं कागदावर काय, तर शेवटी एक खूण. मजकूर कारकुनाच्या हातचा, पण संपल्यावर खाली त्या स्वतः एक वळणदार रेघ ओढायच्या. ती नसेल तर हुकूम खोटा.”

“आणि दीर?”

“दीर म्हातारा होऊन मेला. दातदुखीनं बेजार होता. त्याच्या औषधाच्या पावत्या आहेत.”

मामींना एकदम हसू फुटलं. मामांना नाही.

“एवढ्या मोठ्या राणीचं तू काय करून ठेवलंस,” ते म्हणाले. “मुकुट नाही, तलवार नाही. आजीबाई नातवाच्या वतीनं सह्या करतात! हे ऐकायला कोण येणार?”

“पण मामा, मुकुट नसताना तिनं अकरा वर्षं सगळ्यांना धाकात ठेवलं. मला तर तेच मोठं वाटतं.”

 मामा पाणी प्यायले आणि ताट घासायला स्वतः उठले. असं ते फक्त फार दुःख झालं तरच करायचे.

४

पाटीचा मजकूर पक्का करण्याआधी मोठ्यानं वाचायचा, ही पुरावेबाईची सवय होती. डोळा चूक माफ करतो, कान करत नाही. त्या दुपारी संग्रहालय बंद होतं. दालनात रंगाचा वास, कोपऱ्यात शिडी, जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं. ती जाळीसमोर उभी राहिली, कारण उजेड तिथंच होता.

“जन्माची नोंद नाही,” तिनं वाचलं. “या घरात जन्म झालेला नाही.”

शांतता.

“जन्माच्या वेळी वीज पडल्याची कथा नंतरची आहे.”

शांतता. कुठंतरी नळ गळत होता.

तिला स्वतःचंच हसू आलं. कसली वाट बघतोय आपण? तिनं पुढचा कागद घेतला. लग्न, करार, मुलाचा मृत्यू, नातवाचा अभिषेक. जाळी गप्प. नातवाच्या चुलत्यानं, म्हणजे राणीसाहेबांच्याच धाकट्या मुलानं, राज्य आपल्याकडं यावं म्हणून केलेली खटपट. जाळी गप्प. शेवटचा कागद आला.

“नातू सज्ञान झाला आणि दुसऱ्याच दिवशी राणीसाहेबांचं निधन झालं.”

ठक. ठक.

कागद तिच्या हातातून खाली गेला.

लाकूड, असं ती मनात म्हणाली. लाकूड, लाकूड. मग तिनं एक मूर्खपणा केला. कागद उचलला आणि दंतकथाच वाचली. “राणीसाहेबांना मरण आलंच नाही. त्या घोड्यावर बसून गच्चीवरून आभाळात गेल्या.”

ठक. ठक. या वेळी जरा घाईनं. कंटाळल्यासारखं.

“मामा,” ती ओरडली, “बाहेर या!”

मामा आले, पण जाळीमागून नाही, मागच्या दारातून, हातात भज्यांचा कागद घेऊन. “काय झालं? पाल पडली का?”

तिनं सांगितलं. मामांनी भजं तोंडात तसंच ठेवलं.

“म्हणजे जन्माला ठोकलं नाही,” ते भजं गिळून म्हणाले, “फक्त मरणाला ठोकलं?”

“हो.”

“विचित्र भूत आहे. आपला जन्म माहीत नाही?”

पुरावेबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मामांनी गमतीनं म्हटलं होतं, पण वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं आणि हलेना. चांगला साक्षीदार कोण? जे पाहिलं तेवढंच सांगतो आणि बाकीच्याला गप्प बसतो, तो.

५

दोन दिवस ती दप्तरखान्यात बसली. भीतीवर तिच्याकडं एकच औषध होतं, पुन्हा मुळापासून तपासणं.

मृत्यूची तारीख सगळीकडं एकच होती, पण ती सगळी एकाच जाहीरनाम्यावरून उतरवलेली होती. पन्नास साक्षीदार, म्हणजे एकच. आणि तारीख फारच सोयीची. नातू सज्ञान व्हायच्या आधी आजी गेली असती, तर कायद्यानं पोराचा सांभाळ आणि राज्य चुलत्याच्या हाती गेलं असतं. आजी बरोबर एक दिवस जास्त जगली. माणसं इतकी शिस्तीत मरत नाहीत.

म्हणून तिनं जाहीरनामा बाजूला ठेवला आणि ज्यांना काही लपवायचं कारण नव्हतं अशांकडं वळली. स्वयंपाकघराच्या हिशेबाच्या वह्यांकडं. राणीसाहेब आजारी होत्या, त्यांना पथ्याची पातळ पेज वेगळी शिजायची. त्या तारखेच्या तीन आठवडे आधी पेज बंद झाली. वैद्यही त्याच दिवसापासून येईनासा झाला.

“बऱ्या झाल्या असतील,” मामा म्हणाले. आता ते रोज तिच्याशेजारी बसत होते, चष्मा लावून, ती जुनी लिपी वाचता येत असल्यासारखे.

“मग दुसरं जेवण सुरू झालं असतं ना? झालं नाही.”

दुसरी साक्ष शेजारच्या राज्याच्या वकिलाची. त्याला या घरच्या स्वयंपाकाशी देणंघेणं नव्हतं. तो आपल्या धन्याला दरबाराची हकिकत कळवायचा. तिनं ती मामांना वाचून दाखवली.

“‘आजवर राणीसाहेब जाळीआडून स्वतः बोलत. आवाज खडा. मागच्याच महिन्यात मला म्हणाल्या, वकील, खोटं बोलायचं तर पाठ करून येत जा. आता मात्र बोलत नाहीत. घसा बसला आहे असं सांगतात. अंगठीनं जाळीवर ठोकतात, आणि कारकून हो की नाही ते सांगतो.’”

मामांचा चेहरा हळूहळू उतरला. “म्हणजे ठोकणं...”

“शेवटच्या तीन आठवड्यांतलं. त्याआधी त्यांनी कधी ठोकलंच नाही. त्या बोलायच्या, मामा. चांगल्या खडसावून बोलायच्या.”

मग तिनं त्या तीन आठवड्यांतले हुकूम काढले. खाली वळणदार रेघ होतीच. पण आजारी म्हातारीची रेघ आधी कापत, डावीकडं कलत उतरायची. ही सरळ होती, नेटकी, एकीसारखी दुसरी. बघून बघून गिरवलेली.

“दरबाऱ्यांनी मरण लपवलं,” ती म्हणाली. “आणि जाळीआड दुसरं कुणालातरी बसवलं. आवाजानं बिंग फुटलं असतं, म्हणून बोलायचं नाही. फक्त ठोकायचं.”

“कुणाला बसवलं?”

“नोंद नाही. दासी असेल. जिला कुणी विचारणार नाही अशी कुणीतरी.”

“मग पुढं तिचं काय झालं?”

“त्याचीही नोंद नाही.”

 मामा इतक्या हळू म्हणाले की तिला पुढं वाकावं लागलं, “तिला कुणी सांगितलं होतं का गं, की आता पुरे म्हणून?”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, दोघं दालनात गेले. मामांनी मामींना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मामी आल्या असत्या आणि झाडू मारून गेल्या असत्या.

पुरावेबाईनं नवा मजकूर वाचला. एकही शब्द गाळला नाही.

“राणीसाहेबांचं निधन नातू सज्ञान होण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे, वरच्या खोलीत झालं. ते लपवण्यात आलं. त्यानंतर जाळीमागं दुसरी कुणीतरी बसत होती. ती कोण, हे माहीत नाही.”

बराच वेळ काही झालं नाही. शिडीवरून रंगाचा एक थेंब वर्तमानपत्रावर पडला.

ठक.

एकदाच. आणि जाळीच्या एका भोकातून, खालून तिसऱ्या ओळीतल्या, काहीतरी क्षणभर पुढं आलं. बोट होतं. पोरीचं, बारीक. त्यावर मोठी, जड अंगठी, आणि ती गळून पडू नये म्हणून आतून दोऱ्याचे वेढे घातलेले. मळकट पांढरा दोरा. पुरावेबाईला दिसला तो दोराच, नीट. मग भोकात फक्त अंधार उरला.

“मामा, दिसलं?”

मामांनी डोळे घट्ट मिटले होते. “नाही,” ते म्हणाले. “काय होतं?”

“काही नाही. तुम्ही कारकून व्हा.”

“काय?”

“जाळीमागं तिला सवय एकाच आवाजाची. कारकुनाच्या. सांगा तिला.”

मामांनी डोळे उघडले. आयुष्यभर ज्या खर्जात त्यांनी पोरांना घाबरवलं होतं, तो आवाज शोधला. सापडेना. घसा खाकरला. मग नेहमीच्याच आवाजात, जेवायला हाक मारावी तसं म्हणाले, “दरबार बरखास्त झाला, पोरी. नातू मोठा झाला. ऊठ आता.”

आतून गादी दबल्याचा आवाज आला. गुडघा वाजला, कट् करून, फार वेळ बसलेल्या माणसाचा वाजतो तसा. पावलं बाजूच्या छोट्या दारापर्यंत आली. दार हललं. पुन्हा हललं. उघडलं नाही.

दोघांनी एकदमच पाहिलं. त्या दाराला कडी होती. बाहेरून.

“मेल्यांनी कोंडलं होतं तिला,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता भीती नव्हती, संताप होता.  पण पुढं गेली ती पुरावेबाईच. कडी रंगानं चिकटली होती, पूर्वी कितीदा तरी रंगवताना कुणी उघडून पाहिली नसावी. तिनं दोन्ही हातांनी ओढली.

दार आत ढकलल्यावर दिसली ती रिकामी जागा, गादी, धूळ. तिच्या खांद्याएवढ्या उंचीवरून काहीतरी गार सरकून गेलं, इतकंच. मागं वळली तर मामा कमरेत वाकून उभे होते. रोज पोरांपुढं करायचे तो नाटकी मुजरा नव्हता. एखाद्याला वाट द्यावी तसे वाकले होते.

“गेली?” तिनं विचारलं.

“मला काय माहीत,” मामा म्हणाले. मामांच्या तोंडून हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

७

उद्घाटनाला दालन खचाखच भरलं होतं. पाट्या लागल्या होत्या. अध्यक्षांनी मृत्यूची पाटी तीनदा वाचली आणि पुरावेबाईला बाजूला घेतलं.

“‘माहीत नाही’? पाटीवर? अगं, लोक तिकीट काढून येतात.”

“पण खरंच माहीत नाही.”

“मग ‘संशोधन चालू आहे’ असं लिहायचं! जाऊ दे. यंत्र सांगेल गोडीनं.”

यंत्र जाळीशेजारी उभं होतं, कपाटाएवढं, लाल बटणाचं. रेडिओवरची बाईही आली होती, भरपूर पावडर लावून. फीत कापायची कात्री ठेवलेलं तबक मामांच्या हातात होतं. नोकरीचा शेवटचा दिवस म्हणून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मामी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांकडं रागानं बघत होत्या. पुरावेबाई त्यांच्या शेजारी, नखं खात. मजकुरातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्या खऱ्याची किंमत म्हणून मामा तबक धरून उभे होते.

अध्यक्षांचं भाषण रंगात आलं. “आजपासून या वास्तूत नवं युग सुरू होत आहे! आमचे जुने गाईड विश्रांती घेतील आणि त्यांच्या जागी हे यंत्र बोलेल.” मग त्यांना लहर आली. ते जाळीकडं वळले आणि मामांची नक्कल करत खर्जात म्हणाले, “राणीसाहेब, आपली परवानगी आहे ना?”

लोक हसले, मामांकडं बघायला लागले. मामांचे दोन्ही हात तबकाखाली होते. पुरावेबाईनं जाळीकडं पाहिलं. छोटं दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं. आता तिथून कुणी ठोकणार नव्हतं, तिला खात्री होती.

कुणी ठोकलं नाही.

“नाही,” कुणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज. म्हातारा, खडा, आणि उलट उत्तर ऐकायची मुळीच सवय नसलेला.

आणि टाळ्यांचा पाऊस पडला. यंत्रानं स्वतःच नोकरी नाकारली, याहून मोठा विनोद त्या घरात कधी झाला नव्हता. अध्यक्षही हसले, पण त्यांचा हात बटणावरून मागं आला. रेडिओवरची बाई शेजारणीला सांगत होती, “हा माझा आवाज नाही हो. मी एवढं रागानं बोलतच नाही.” वायरमन यंत्रामागून डोकं वर काढून ओरडला, “साहेब, अजून जोडायचंय हे!”

“राहू दे,” अध्यक्ष रुमालानं मान पुसत म्हणाले. “आज राहू दे. म्हणजे, एकूणच राहू दे. गाईड आहेत की आपले.”

मामींनी पुरावेबाईचा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी रुतली. मामा मात्र हसत नव्हते. ते छताकडं बघत होते. आवाज जाळीतून आला नव्हता आणि यंत्रातूनही आला नव्हता.

वरच्या खोलीतला मृत्यू. पेज बंद झाल्याचा पुरावा, वकिलाच्या हकिकतीचा पुरावा. दोन्ही त्या काळातले, दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. पुरावेबाईला त्यांच्याबद्दल आत्तापर्यंत तिळमात्र शंका नव्हती.

टाळ्या थांबल्या, आणि जिन्याची सगळ्यात वरची पायरी कुरकुरली.